दुपट्ट्याखालचा वास

आमच्या अकोल्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात, आणि कानाशी तोंड नेऊन पुटपुटतात. बैल घेणारा व्यापारी म्हणून हे काम मी वीस वर्षं केलं. चौथीनंतर शाळा सुटली, बापाने ठेवलं काही नव्हतं, बोटांवर कमावलं. अडून बसलेला शेतकरी माझ्यासमोर आला की लगेच माझ्या भावावर यायचा. माझा भागीदार अशी अवघड गिऱ्हाइकं मुद्दाम माझ्याकडे पाठवायचा आणि बाजारात सांगायचा, "याच्या बोटापुढं कोनाचं चालत नाई."

ते मी खरं धरलं.

हिरड्यांतून रक्त येतं हे मला माहीत होतं. ब्रश लावला की थुंकी लाल व्हायची. म्हणून ब्रश सोडला आणि तुरटीच्या पाण्याने चूळ भरू लागलो. रक्त थांबलं. बरं झालं असं समजलो.

एका बाजारात हिवरखेडकडची एक म्हातारी आपली गोऱ्ह्यांची जोडी घेऊन आली. दुपट्टा टाकला, तिच्या कानाशी वाकलो, तर तिने हात झटकून बाहेर काढला.

"तोंड तिकडं कर न बाप्पा! उंदीर मेल्यावानी वास येऊन राह्यला. घे, तुया भावानं घे, पन दूर हो!"

सगळा बाजार हसला. मी भागीदाराकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याला नवल वाटलंच नव्हतं.

चहाच्या टपरीमागे त्याची कॉलर धरली. "तुले मालूम होतं?"

"साऱ्या बाजाराले मालूम हाय."

"मंग मले कावून सांगतलं नाई?"

"कोन सांगन? मांगं एकानं पानठेल्यावर सांगतलं, त्याच्या कानाखाली ठेवून देली तू." कॉलर सोडवून घेत तो पुढे म्हणाला, "अन् आमाले काय घाई होती? तुयासमोर मानूस दोन मिनिटं टिकत नाई. सौदा पटकन होते."

म्हणजे बोटं नव्हतीच. माझ्या नावाचा सगळा दबदबा एका सडक्या तोंडाचा होता.

दातांची डॉक्टरीण अकोल्यात गाठली. वयाने माझ्या मुलीएवढी. तिने बारीक खुणांची सळई हिरडीत घातली आणि मदतनिसाला आकडे सांगत गेली. "तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, काका. तुमचं सातपर्यंत जातंय." मग विचारलं, "तहान फार लागते? लघवीला सारखं जावं लागतं? रक्तातली शुगर तपासली कधी?"

मी भडकलो. "दात दाखवाले आलो, बाई. रगत कायले पाह्यजे? तुमचं लॅबवाल्याशी साटंलोटं हाय काय?"

ती चिडली नाही, आणि दयाही दाखवली नाही. "दातावर जंतूंचा थर बसतो. काढला नाही तर त्याचा दगड होतो. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये खिसा पडतो. त्या खिशातली घाण वास मारते आणि खाली हाड झिजत जातं. तुरटीने हिरडी वरून आवळली, रक्त दिसेनासं झालं, आत सगळं चालूच राहिलं. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर खराब होते, आणि हिरडीची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही एकमेकांना पोसतात."

"हाड परत येते काय?"

"गेलेलं सहसा येत नाही. उरलेलं वाचवता येईल. आणि यात घासाघीस होत नाही, काका."

तपासणीत साखर निघाली, चांगलीच. फिजिशियनने गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरणीने इंजेक्शनने बधिर करून एकेका भागाच्या हिरड्या खोलवर खरवडल्या. खालचे हलणारे दोन दात काढून ट्रेमध्ये टाकले. ब्रश पुन्हा हातात आला. काही आठवडे गेले, तसं रक्त थांबलं आणि वासही गेला.

मग बाजारात उभा राहिलो. भागीदाराने सवयीने एक अडेलतट्टू शेतकरी माझ्यापुढे आणला. दुपट्टा टाकला, कानाशी वाकलो. तो हललाच नाही. आरामात उभा, बोटं दाबतोय, मान हलवतोय, वर बिडी ओढतोय. चहा आला, गार झाला. शेवटी त्याच्या भावावर मी आलो. वीस वर्षांत पहिल्यांदा.

भागीदाराने चारचौघांत हात जोडले. "डाक्टरनीनं धंदाच बुडवला गा! आता असं कर, महिनाभर घासू नोको. आपलं दुकान पुन्हा चालू."

लोक पोट धरून हसले. त्याला मी मारलं नाही. भागीदारी तिथल्या तिथे मोडली.

पुढच्या बाजारात तो एका जोडीपाशी दुपट्टा टाकून उभा होता. सौदा फिसकटून त्याने हात बाहेर काढला, तसा लगेच मी माझा घातला. शेतकरी सरकला नाही, मीही नाही. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही बोटं दाबत होतो. भागीदार बाजूला उभा राहून बघत होता. जोडी महाग पडली, पण ती त्याला मिळाली नाही.