आठाच्या पानातल्या लंकाबाई

१६ नोव्हेंबर २००६, गुरुवार. ओतूर. सकाळी गारठा. नळाला पाणी उशिरा आले. लंकाबाईंच्या दहाव्याला मांडवीच्या घाटावर जाऊन आले. फोटो फार लहान होता.

लंकाबाई म्हणजे गोरखची आई, मूळच्या पिंपळवंडीच्या. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत गोरखचे फोटोचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने संगणक घेतला. एका कागदावर पासपोर्टचे आठ फोटो बसवायचे तर प्रत्येक हाताने सरकवावा लागे. एखादा वाकडा जाई आणि कापताना शेजारच्या फोटोचा कान जाई. परीक्षांच्या फॉर्मांच्या दिवसांत रांग पायरीपर्यंत यायची. मंचरच्या एका क्लासमध्ये शिकून त्याने संगणकाला एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने करायच्या कामांची यादी, लिहून दिली. फोटो कापून द्यायचा, पुढचे ती करी. त्याचे माप साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर करायचे, सहा बाय चार इंचाचे कोरे पान उघडायचे, फोटो एकदा चिकटवायचा, त्याच्या रुंदीएवढे आणि शिवाय थोडी फट सोडून बाजूला सरकायचे, पुन्हा चिकटवायचा. चार झाले की खालच्या ओळीत.

हे जमेपर्यंत चाचणीला समोर एकच चेहरा होता. बाकावर मिश्री लावत बसलेल्या आईला त्याने अंगणात उभे केले. नऊवारी, कमरेला पिशवी, दोन्ही हात पुढे. फोटो कॅमेऱ्यातून संगणकात घेतला, कार्ड रिकामे केले, गळ्याखालचे कापून टाकले आणि स्क्रिप्ट चालवली.

पहिल्या कागदावर खालची ओळ अर्धीच आली. प्रिंटरने फोटो पानात मावेल असा आपणहून लहान केला, तेव्हा दुसरा कागद वाया गेला. लंकाबाई प्रत्येक कागद हातात घेऊन बघायच्या.

"हात कापलंस की रं. आता भाकरी कोण थापायची?"

"आय, फॉर्मवर हात लागत न्हाई."

"आन् एकीच्या आठ केल्या. तुझ्या भावाकडं चार धाड, तिथं कामाला माणूस कमी हाय."

शेवटी जमले. मग गोरखच्या ध्यानात आले की स्क्रिप्ट काम संपल्यावर फोटो बंद करताना बदलासकट जतन करते. आईचा अंगणातला अख्खा फोटो गेला होता. त्याच नावाखाली कापलेला तुकडा तेवढा उरला होता. त्याने ती ओळ बदलली. गिऱ्हाइकांचे मूळ फोटो त्यानंतर कधी गेले नाहीत.

"आयचा पुन्हा काढीन," तो मला म्हणाला होता. "ती कुठं पळून चाललीय, बाई?"

रोज समोरच बसायच्या, म्हणूनच राहून गेले.

गेल्या आठवड्यात त्या झोपेतच गेल्या. दुसऱ्या दिवशी गोरखचा थोरला भाऊ बहिरू दुकानात आला. आमच्याकडे दहाव्याला मोठा फोटो मांडतात, आणि आसपासच्या गावांचे ते फोटो गोरखच करून देतो.

"बारा बाय पंधराची फ्रेम कर," बहिरू म्हणाला. "चांगली उभी असलेली."

"उभी न्हाई, भाऊ. एवढाच हाय."

"मग मोठा कर. लोकांचं करतोस की."

गोरखने माझ्यासमोरच करून दाखवले. एवढ्याशा तुकड्यात ठिपकेच थोडे. ताणला तसे डोळे चौकोन चौकोन झाले, तोंडावर राखाडी धूर आला. बहिरू पडद्याकडे बघत राहिला.

"ही आय न्हाई," तो म्हणाला. "गावाचं फोटो काढलंस राव. घरच्या म्हातारीचा एक व्हता, तो बी खाल्लास."

गोरखने आईचे मतदार ओळखपत्र शोधले, त्यावरचा चेहरा याहून काळा आणि लहान. जुने कार्डही संगणकाला लावून बघितले. त्यावर अवसरीच्या एका लग्नाचे फोटो होते. दोन दिवस त्याने दुकान उघडले नाही. नंतर आत जाऊन स्क्रिप्ट चालवली, आठ फोटो छापले आणि त्यांतला एकच कापला.

आज घाटावर मोठी फ्रेम होती. आत सगळा पांढरा कागद, मधोमध तो फोटो. माणसे फुले वाहायला पुढे होत आणि ओळख पटण्यासाठी वाकत. हार घातल्यावर तर चेहराच झाकला. बहिरूने हार काढून फ्रेमच्या पायाशी ठेवला. गोरख मागे उभा होता. उरलेले सात फोटो त्याच्या खिशात तसेच होते. बहिरूने मागितले नाहीत.

दुपारी गोरख दुकानाची किल्ली घ्यायला आला. मी चहा दिला.

"बाई, त्या दिवशी तिनं हातात काय धरलं व्हतं?"

मला आठवत होते फक्त हात पुढे केलेले. त्यांत काही होते की नाही, ते सांगता येईना. तसेच सांगितले. त्याने अर्धा कप चहा ठेवला आणि दुकान उघडायला गेला. बाहेर फॉर्मवाली दोन मुले थांबली होती.

चाचणीचे वाया गेलेले कागद लंकाबाईंनी तेव्हा मला मांडणीवर घालायला आणून दिले होते. संध्याकाळी मांडणीचे कागद बदलले. लोणच्याच्या बरण्यांखालचा त्यांचा तेवढा बदलला नाही.