दाजींचे अठरा कागद

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, वायरमन आहेत. आमच्या धंद्यात त्यांना सगळे गोगलगाय म्हणतात. नाव मीच पाडलं आणि पसरवायचं कामही मीच मन लावून केलं. जिथे दुसरा माणूस दोन तासांत बोर्ड बसवून चहाला जातो, तिथे दाजींना अर्धा दिवस लागतो. हातातला टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून बघतील, मग बंद केलेल्या तारेला लावतील आणि परत चालू पॉइंटला. मी एकदा विचारलं, "दाजी, तीन तीनदा काय बघता?" ते म्हणाले, "मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर? तार मेली असं समजून मी हात घालीन, आणि तुझ्या बहिणीला तू तोंड दाखवशील."

मी हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की कान तापतात.

दाजींचं शिक्षण नववीपर्यंत, माझ्याकडे डिप्लोमा. आमच्या कामाची उतरंड अशी आहे: वायरमनकडे परमिट असतं, पण त्या परमिटवर तो स्वतःच्या नावाने काम घेऊ शकत नाही. लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावाखाली, आणि सर्टिफिकेट असलेल्या सुपरवायझरच्या नजरेखाली काम करायचं. काम झालं की इन्सुलेशन मोजायचं, अर्थिंग मोजायचं, आकडे टेस्ट रिपोर्टवर लिहायचे आणि खाली तिघांनी सह्या करायच्या. तो कागद बघून वीज कंपनी मीटर देते. मालक कॉन्ट्रॅक्टर, मी सुपरवायझर आणि दाजी वायरमन, असं आमचं अकरा वर्षं चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे दाजी साइटवर आणि मी ऑफिसात पंख्याखाली. दाजी मोजलेले आकडे चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. मी ती चिठ्ठी फाइलला टाचून ठेवायचो आणि रिपोर्टवर अर्थिंगचा आकडा लिहायचो १.२ ओहम. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं, त्यामुळे १.२ ला कोणी प्रश्न विचारत नाही. चिठ्ठी उघडून बघायचे कष्ट कोण घेतो? दाजींच्या सह्या मी कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर आधीच घेऊन ठेवायचो. ते एवढे चौकस, पण तिथे मात्र डोळे मिटून सही करायचे. मेहुणा आहे, शिकलेला आहे, तो का चुकीचं लिहील?

या वर्षी मालकांनी सांगितलं की डिसेंबरअखेर लायसन्स संपतंय, नूतनीकरण करणार नाही. गुडघे गेले, मुलगा दुसरीकडे. माझं काय, डिप्लोमावाल्याला दुसरा कॉन्ट्रॅक्टर मिळतो. पण पन्नाशीच्या वायरमनला नव्याने कोणाच्या तरी दारात उभं राहून टोपलीभर सामान उचलावं लागलं असतं. ताई म्हणाली, "आता तरी स्वतःच्या पायावर उभे राहा."

स्वतःच्या नावाने काम घ्यायचं तर आधी दाजींना सुपरवायझरचं सर्टिफिकेट हवं, मग लायसन्सचा अर्ज. सर्टिफिकेटसाठी परमिट, केलेल्या कामांची यादी, त्या कामांचे टेस्ट रिपोर्ट, अनुभवाचा दाखला, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. त्यानंतर लायसन्सला मोजणीची उपकरणं, तीही तपासून घेतल्याच्या दाखल्यासकट. दाजींनी उपकरणं आधीच घेऊन ठेवली होती. ताईच्या कपाटात साड्यांच्या वरच्या खणात इन्सुलेशन मोजायचा मेगर आणि अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. ती म्हणायची, "सवत आणून ठेवलीय यांनी."

अठरा कामांचे रिपोर्ट मीच फाइलमधून काढून दिले. अनुभवाच्या दाखल्यावर मीच लिहिलं की सर्व कामं माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाली. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

परीक्षेला मूळ कागद पडताळायला मलाही बोलावलं होतं. परीक्षक बाई होत्या, चष्मा नाकावर उतरलेला, आवाज शांत. आधी प्रात्यक्षिक झालं. दाजींनी मेन बंद करून फ्यूज खिशात टाकला, टेस्टर त्यांच्या पद्धतीने तीनदा लावला, मेगरने मोजून झाल्यावर तारेत साठलेला चार्ज आठवणीने उतरवला. मागच्या अंगणात अर्थ टेस्टरच्या दोन सळया बरोबर अंतरावर ठोकल्या, आणि त्याआधी अर्थची तार बोर्डापासून सोडवली. बाईंनी वहीत लिहिलं आणि मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी फाइल उघडली. एक पान उलटलं, दुसरं, पाचवं. मग परत पहिल्यावर आल्या.

"हे मोजलं कोणी?"

"मी, मॅडम," दाजी म्हणाले.

"टेकडीवरच्या खडकात १.२. नदीकाठच्या गाळात १.२. अठराच्या अठरा ठिकाणी १.२."

त्यांनी फाइल दाजींकडे फिरवली. दाजींनी पानं सावकाश उलटली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नियमांच्या फलकाकडे बघत होतो.

"खाली सही तुमची आहे?"

"हो."

"मग खरा आकडा काय होता?"

दाजींना अर्थिंगच्या प्रत्येक खड्ड्याचा आकडा पाठ असतो. अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या कामाचाही. ते म्हणाले, "आठवत नाही, मॅडम."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं, "मॅडम, आकडे मी लिहिलेत." चार शब्द. मी पाणी प्यायलो.

बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण स्वतःच्या सहीवरचं माप ज्याला आठवत नाही, त्याला लोकांच्या घरात एकट्याने सोडता येत नाही. सहा महिन्यांनी या." सहा महिन्यांनी म्हणजे मालकांचं लायसन्स संपून गेल्यावर.

परतीच्या बसमध्ये दाजी खिडकीशी बसले. मग त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी शिंपीणबाईंच्या दुकानाचं अर्थिंग मी अठ्ठेचाळीस लिहून पाठवलं होतं. खड्डा पुन्हा करा, तोवर मीटर घेऊ नका, असंही लिहिलं होतं. तू करून घेतलंस ना?"

अठ्ठेचाळीस ओहमला इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली तरी फ्यूज उडत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो. तिथे गळती पकडणारा ब्रेकरही नव्हता. हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

मी म्हटलं, "हो, दाजी. करून घेतलं."

घरी ताईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नापास. तोंडीला अडखळलो." ती माझ्याकडे वळली, "तू होतास ना रे तिथे? जरा सांभाळून घ्यायचं." मी तिच्या हातचे दोन घास जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या दारात उभे. खांद्यावर फावडं, हातात ताईच्या कपाटातलं ते गाठोडं.

"चल साहेब. शिंपीणबाईंकडे."

"दाजी," मी म्हटलं, "ते झालेलं नाहीये."

"माहीत आहे. म्हणून तर फावडं घेतलंय. मालकांना फोन करून सांगितलंय. पण मला एकट्याला तिथे हात लावायचा अधिकार नाही. सुपरवायझर समोर लागतो."

चौदा महिने ते दुकान त्या मीटरवर चाललं होतं. शिंपीणबाई इस्त्री करत होत्या, एका लाकडी पाटावर उभ्या राहून. दाजींनी पाटाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "इस्त्री अधूनमधून हाताला मुंग्या आणते. पाटावर उभं राहिलं की येत नाहीत. इस्त्री जुनी आहे, म्हटलं तिचंच काहीतरी असेल. वायरिंगचा तर कागद आहे, सगळं ठीक लिहिलंय." कागद भिंतीला टाचलेला होता. १.२, आणि खाली माझी लफ्फेदार सही.

दाजींनी मेन बंद केला, इस्त्रीला मेगर लावला, तिच्यात गळती निघाली म्हणून ती बाजूला काढून ठेवली. मग मागे नळाचं पाणी मुरतं त्या मऊ जमिनीत खणायला सुरुवात केली. मी फावडं मागितलं, त्यांनी दिलं नाही. म्हणाले, "तू बघ. तुझं काम बघायचं आहे." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी एका साइटवर दुपारपर्यंत उभा होतो. बघणं इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती.

नवा पाइप उतरला, खड्डा भरून पाणी घातलं. मग त्यांनी अर्थ टेस्टर माझ्या हातात दिला. सळया कुठे ठोकायच्या हे मला पुस्तकातलं आठवत होतं, जमिनीवरचं नाही. मी दुसरी सळई फार जवळ ठोकली. दाजींनी बोटाने लांब दाखवलं. काटा थांबला तो ३.४ वर. नवी तार जोडली, मेन चालू झाला.

शिंपीणबाईंनी मला विचारलं, "साहेब, आता नक्की ठीक ना? पाट काढू?"

मी दाजींकडे बघितलं. म्हटलं, "त्यांना विचारा, बाई."

"नाही," दाजी म्हणाले. "सही तुझी आहे. तू सांग."

"३.४ आहे, बाई," मी म्हणालो. "पाट काढा. ती इस्त्री मात्र वापरू नका, तिच्यातच गळती आहे. आणि तो जुना कागद खोटा होता. मी लिहिला होता."

शिंपीणबाईंनी भिंतीवरचा कागद काढून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो कागद, उरलेले सतरा आणि दाजींच्या अठरा चिठ्ठ्या घेऊन मी परीक्षक बाईंसमोर बसलो. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी रिपोर्टशेजारी ठेवून वाचली. कोऱ्या फॉर्मवर सही ही वायरमनचीही चूक आहे, तोंडी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, पण सहा महिने थांबायची गरज नाही, पुढच्या महिन्यात या म्हणावं, असं त्या म्हणाल्या. उरलेली सतरा ठिकाणं त्या स्वतः माणूस पाठवून तपासणार होत्या. मग त्यांनी माझं सर्टिफिकेट मागितलं.

"हे वायरमन तुमचे कोण?" त्यांनी विचारलं.

"बहिणीचे यजमान."

"म्हणून त्यांना आठवत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये टाकलं.