टेम्पोचा नियम

त्याला सगळे खोडरबर म्हणत. हे नाव साडूने ठेवलं होतं आणि बायकोच्या माहेरी ते इतकं रुळलं होतं की लग्नपत्रिकेवर खरं नाव दिसलं तर कुणाची पत्रिका आली म्हणून विचारणा व्हायची. तो पूर्वी फोटो स्टुडिओत होता. बारा वर्षं त्याने लोकांच्या चेहऱ्यांवरचे मुरूम काढले, कपाळावरचा घाम काढला, आणि एकदा एका नवरदेवाच्या आग्रहावरून कुटुंबाच्या फोटोतून अख्खा मेहुणा काढला. मेहुण्याच्या जागी त्याने पडद्याची चुणी बसवली. ती चुणी त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम होतं असं तो मानायचा. मेहुण्याचं मत वेगळं असावं.

स्टुडिओ बंद पडल्यावर तो साडूकडे लागला. साडू घरं भाड्याने लावून देतो. आदला भाडेकरू अजून राहत असतानाच घराचे फोटो काढले जातात, म्हणून त्या फोटोंत घर कमी आणि भाडेकरू जास्त असतो. दोरीवरचे कपडे, खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या, भिंतीवर मुलांची प्रगतिपुस्तकं, टेबलावर पत्ता वाचता येईल असं पाकीट, आरशात फोटो काढणाऱ्या बाईचं प्रतिबिंब. हे सगळं पुसायचं काम खोडरबरचं. पुसलेल्या जागी मागची भिंत आणि फरशी पुन्हा रंगवायचं कामही त्याचंच, आणि खरी कारागिरी त्यातच आहे.

स्वभावाने तो अस्वस्थ माणूस. जेवताना ताटासमोर बसूनही त्याची नजर टीव्हीच्या मागच्या वायरींवर असायची.

"काय बघताय?" बायको विचारायची.

"काही नाही."

"मला काढून बघत होतात ना? मागे काय रंगवलंत?"

"भिंत."

"ओल दाखवलीत का? दाखवा हो. घर खरं दिसू दे."

ओल दाखवायची, यावर त्याचा पहिल्यापासून कटाक्ष होता. त्याने स्वतःपुरता एक नियम केला होता आणि तो कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता: *घर सोडताना जे टेम्पोत जाईल ते काढायचं. जे घरात राहील ते ठेवायचं.* कपडे टेम्पोत जातात, भिंतीची भेग जात नाही. मुलांचे फोटो जातात, खिडकीसमोरचा विजेचा खांब जात नाही. साडूने खांब काढायला तीनदा सांगून पाहिलं होतं. "खांब टेम्पोत बसत नाही, साडूभाऊ," एवढंच उत्तर त्याला मिळालं. नियमावर वाद घालता येत नव्हता, त्यामुळे साडूला तो आवडत नव्हता, आणि त्यामुळेच खोडरबरला शांत झोप लागायची. दुसऱ्या कशानेही लागत नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी साडूचा फोन आला.

"ती दोन खोल्यांची जागा, आतली खिडकीवाली खोली. एक शिंपीणबाई घेताहेत. फोटो बघूनच घेताहेत, दिवसभर दुकानातून उठता येत नाही म्हणे. शुक्रवारपर्यंत आहे ती जागा सोडायचीय. सहा वाजेपर्यंत होकार कळवतो म्हणाल्या. फक्त विचारताहेत, खिडकीजवळ प्लग कुठे आहे? दोन मशिनं आणि इस्त्री तिथेच लावायचीय. तुमच्याकडे मूळ फोटो असतील. बघून सांगा."

खोडरबरने मूळ फोटो उघडले. त्या खोलीचे चार होते. खिडकी, घरमालकाचा पलंग, त्याचंच कपाट, दार. खिडकीखाली भिंतीच्या कडेने एक पांढरी वायर गेलेली, टोकाला तीन भोकांची पट्टी, पट्टीत टेबललॅम्प आणि रेडिओ. ही वायर त्याने काढली होती. का काढू नये? एक्स्टेन्शनची वायर गुंडाळली की पिशवीत मावते. टेम्पो तर फार मोठी गोष्ट झाली.

पण वायर येत कुठून होती? तो फोटो मोठा करत गेला. वायर फरशीच्या कडेने दारापर्यंत येत होती आणि दाराखालून बाहेर जात होती. खोलीत प्लग असता तर माणूस वायर दाराबाहेरून कशाला आणेल?

चारही भिंती त्याने तपासल्या. दिवा आणि पंख्याचा बोर्ड होता. प्लग कुठेच नव्हता. एक भिंत तेवढी पलंगाने झाकलेली.

"असेल पलंगामागे," साडू म्हणाला.

"असेल की आहे?"

"तुम्ही आता मला व्याकरण शिकवणार का? असेल म्हणून कळवतो."

"थांबा. मी जाऊन बघतो."

"अहो, साडेतीन वाजलेत!"

खोडरबरने फोन ठेवला होता. बायकोने चहा टाकला होता, तो तसाच राहिला. रिक्षात तो एका जागी बसला नाही. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "दवाखान्यात घेऊ का?"

त्या घरात निवृत्त ग्रंथपाल राहत होते. सामान बांधणं चाललं होतं आणि प्रत्येक खोक्यावर ते आतल्या वस्तूंची अनुक्रमणिका चिकटवत होते.

"प्लग?" ते म्हणाले. "या खोलीत? अहो, ही मुळात गॅलरी. नंतर भिंत घालून आत घेतली. दिवा आणि पंखा दिला, तेवढ्यावर मालकाचा उत्साह संपला."

"पलंगामागे?"

"पलंगामागे झुरळं आहेत. तुम्हाला हवं तर बघा."

दोघांनी मिळून पलंग ओढला. ग्रंथपालांच्या म्हणण्यात तथ्य होतं.

"वायर स्वयंपाकघरातून आणलीय," ते म्हणाले. "फ्रीजशेजारच्या प्लगमधून. दिवा आणि रेडिओ चालतो. एकदा इस्त्री लावून पाहिली. शर्टाआधी वायर गरम झाली. पुन्हा हिंमत केली नाही."

खोडरबर दाराशी उकिडवा बसला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर खाच होती. दार लावल्यावर वायर चिरडू नये म्हणून कुणीतरी करवतीने कापलेली. ही खाच त्याने फोटोत पाहिली होती. वायरची सावली समजून त्याने ती भरून टाकली होती आणि तिथे लाकडाच्या बारीक रेषाही काढल्या होत्या. सुंदर काढल्या होत्या.

खाच टेम्पोत जात नव्हती. त्याने स्वतःचाच नियम मोडला होता, तोही इतक्या सफाईने की त्याला स्वतःलाच पत्ता लागला नव्हता.

त्याने तिथूनच फोन लावला. "साडूभाऊ, प्लग नाही. खोलीत नाहीच. मी फोटो बदलतोय."

"म्हणजे?"

"वायर परत घालतो. खालची खाच पण."

"लोक वायर काढायला आपल्याकडे येतात हो! तुम्ही घालायला निघालात? आणि तुमचाच नियम आहे ना, वायर टेम्पोत जाते म्हणून?"

"वायर जाते. पण नसलेला प्लग जागेवरच राहतो."

मग साडू म्हणाला, "हे वाक्य तुम्ही रिक्षात जुळवलंत."

"जुळवलं. पण खरं आहे."

"बाईंनी नाही म्हटलं तर माझ्या बायकोला तुम्ही तोंड द्यायचं. मी देणार नाही."

घरी पोचेपर्यंत पाच वाजून गेले. खोडरबर उभ्यानेच कामाला लागला, खुर्ची ओढायलाही त्याला वेळ नव्हता. ग्रंथपालांचे कपडे, औषधं, चष्म्याचं घर, अनुक्रमणिकांची खोकी, सगळं पुन्हा काढलं. वायर ठेवली, दाराची खाच ठेवली. फोटोखाली एक ओळ लिहिली: *या खोलीत प्लग नाही. वीज स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शनने आणलेली आहे. जास्त भार चालणार नाही.* जाहिरातीवर फोटो चढवायचे हक्क त्याच्याकडे होते, याचा साडूला आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला असावा. पाच चाळीसला त्याने जुना फोटो उतरवला, नवा चढवला आणि साडूकडून नंबर घेऊन बाईंना बघायला कळवलं. मग हॉलमध्ये फेऱ्या घालू लागला.

"बसा," बायको म्हणाली.

"बसलोय."

"हो ना. फरशीला विचारा."

सहाला पाच कमी असताना शिंपीणबाईंचाच फोन आला. मागे मशीन चालू होतं. बोलतानाही त्यांनी ते थांबवलं नव्हतं.

"फोटो करणारे तुम्हीच का? सकाळच्या फोटोत दार अखंड होतं. आता खाली कापलेलं आहे. दुपारी कापलंत?"

"नाही. सकाळी मी चुकून जोडलं होतं."

मशीन थांबलं. "आणखी काय काय जोडलंत?"

खोडरबरने यादी सांगितली. कपडे काढले, बाटल्या, खोकी, चष्म्याचं घर, रेडिओ, टेबललॅम्प. भिंतीला काही केलेलं नाही. ओल आहे तेवढीच दाखवली आहे. बाई माप घेताना ऐकावं तशा ऐकत होत्या, मधून एखादी गोष्ट पुन्हा विचारत.

"खोली नको," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी इस्त्री त्या वायरीवर दोन दिवसांत घर पेटवेल. पण शुक्रवारी मी रस्त्यावर आहे, मशिनांसकट. तुमच्याकडे बाकीच्या जागांचे आधीचे फोटो असतील ना? सामानासकट? ते पाठवा. माझं मी शोधते."

"ते नाही पाठवता येणार. लोकांची औषधं आहेत त्यात, पत्ते आहेत, मुलं आहेत. ते पुसायचेच पैसे घेतो आम्ही."

"मग?"

"मी बघतो. तुम्हाला काय लागतं ते सांगा."

"उजेड डाव्या बाजूने हवा. इस्त्रीला जाड पिनेचा एक प्लग आणि मशिनांना साधे दोन. खिडकीपासून हातभर. वायर आडवी आलेली नको, कामाला येणाऱ्या मुली मशिनांच्या मधून ये-जा करतात."

मग साडूच्या यादीतल्या सगळ्या जागा खोडरबरने एकेक करून उघडल्या, मूळ फोटो आणि पुसलेला फोटो शेजारी शेजारी. आजवर त्याने पुसलेली प्रत्येक वायर आता त्याला एक प्रश्न वाटत होती. ही इथे का होती? तीन घरांत वायरी त्याला सरळ प्लगपर्यंत नेत होत्या, पण तो प्लग खिडकीपासून लांब; एकात बाल्कनीत, आणि एकात दुसऱ्या दारातून बाहेर, म्हणजे तिथेही तीच कथा. ते घर त्याने बाजूला काढलं. उद्या त्याचाही फोटो बदलावा लागणार होता. साडूला अजून सांगितलं नव्हतं. बायकोने समोर ठेवलेली भाजी थंड होत होती आणि ती हात धुऊन त्याच्या खांद्यावरून बघत उभी होती.

"हे काय गोधड्यांच्या ढिगाआड?" तिने बोट ठेवलं.

तळमजल्यावरची एक खोली. मूळ फोटोत खिडकीखाली गोधड्यांचा ढीग. ढिगाच्या वरून प्लगच्या पाटीचा वरचा कोपरा डोकावत होता. तयार फोटोत गोधड्या नव्हत्या, भिंत सलग होती आणि कोपरा गोधडीबरोबर निघून गेला होता.

"हा पण पुसलात."

"झाकलेला होता. मी फक्त ढीग काढला."

"हो. आणि मेहुणाही तुम्ही फक्त काढला होता."

त्याने मूळ फोटोतला कोपरा मोठा केला. पाटी मोठी होती, जाड पिनेची असावी. खिडकी डावीकडे. त्याने शिंपीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं: किती दिसतं, किती झाकलेलं आहे.

"असावी म्हणता," बाई म्हणाल्या. "आणि प्लग चालू आहे का?"

खोडरबरने कोपरा आणखी मोठा केला. फोटोत प्लग दिसतो, वीज दिसत नाही. ती आजवर त्याने काढली नव्हती आणि ठेवलीही नव्हती.

"ते फोटोवरून सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बरं झालं, हे तरी सांगितलंत. उद्या दुकान उघडायच्या आधी मी तिथे येते. तुम्ही?"

"येतो," तो म्हणाला, आणि टेस्टर शोधायला ड्रॉवर उपसू लागला.