पेन्सिलीचे चोवीस डाव

आमच्या ब्रिज क्लबच्या पंचाला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. पोस्टात आयुष्य काढलेला, तोंडाने फटकळ, नाकासमोर चालणारा. एकुलती एक बहीण. तिचा नवरा क्लबचा लाडका विजेता. स्पर्धा सुरू झाली आणि हा मेहुणा खेळातल्या जोडीदाराला खुणा करतो, अशी तक्रार आली.

"तुझा मेहुणा भलताच नशीबवान आहे बुवा," मी म्हटलं. "जोडीदार नेमकी हवी तीच उतारी करतो!"

"नशिबावरून कोणाला हाकलता येत नाही," तो म्हणाला. "चांगली उतारी म्हणजे पुरावा नव्हे. तू फक्त हात बघ. पत्ते बघायचे नाहीत."

मी दोन दिवस टेबलापासून लांब खुर्ची टाकून बसले. बोली संपली आणि उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान टाकणं, जोडीदाराकडे असलं की मेहुणा टेबलावर पेन्सिल ठेवी. कधी उभी, कधी आडवी, कधी टोक स्वतःकडे, कधी कागदाखाली. उतारी दुसऱ्या कुणाची असली तर पेन्सिल खिशातच! मी डावाचा क्रमांक आणि पेन्सिल, एवढंच लिहीत गेले. प्रत्येक डावात कोणाला कुठली पानं आली ते क्लब छापून ठेवतो. त्यावरून फूटपट्टीने, माझी वही न बघता, मेहुण्याची मोठी पानं कुठल्या रंगात होती ते लिहिलं.

मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. उभी म्हणजे इस्पिक, आडवी म्हणजे बदाम, टोक स्वतःकडे म्हणजे चौकट, कागदाखाली म्हणजे किल्वर. चोवीसपैकी बावीस जुळले.

मला अक्षरशः शिसारी आली. पोटापाण्याचा प्रश्न नाही, बक्षीस म्हणून एक पितळी कप, आणि त्यासाठी साठीतले दोन बाप्ये पेन्सिलीने खाणाखुणा करतात!

संध्याकाळी बहीण क्लबात आली. "दादा, कागद फाड. नाहीतर माझ्या दाराशी येऊ नकोस."

"समितीपुढे ठेवणार," तो म्हणाला.

"पत्त्यांपायी बहीण सोडतोस?"

"पत्त्यांपायी फसवलं त्याने. मला नको विचारूस."

समितीने जोडीला पाच वर्षं बाद केलं, निकाल रद्द केले. आता टेबलावर तिरपा पडदा असतो. जोडीदार एकमेकांना दिसत नाहीत, बोलीची पाटी पडद्याखालून सरकते, पेन्सिली पंचाकडे जमा. त्यावर सभासदांची कुरकुर: "आम्ही काय चोर आहोत?" यातल्या निम्म्यांना पेन्सिलीचा संशय वर्षभर होता, हे त्यांनीच मला सांगितलं. तेव्हा तोंडात गुळणी धरून बसले होते. मला त्या दोघांपेक्षा यांचीच जास्त किळस येते.

फूटपट्टी दर रविवारी बहिणीला फोन करतो. ती उचलत नाही. मी सांगितलं, "पुरे आता."

"तिचा राग खरा आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा नंबर फिरवला.