पेरभर पाणी

पाटोद्याच्या डोंगराकडेच्या एका गावात, माळावरच्या देवीच्या देवळामागं, बायनाबाई गुरवीण राहायची. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. गावचा पाटील समोर आला तरी ही पदर सावरून आधी आपलं म्हणणं मांडायची आणि मग रामराम करायची. अशी ही बाई जन्मभर एकाच माणसाला भ्याली, आणि ते माणूस म्हणजे तिची सासू दगडाबाई.

दगडाबाईचं नाव ज्यानं ठेवलं त्याला देवानं दूरची नजर दिली असली पाहिजे. देवीच्या नवरात्रात चाळीस-पन्नास बायका देवळात नऊ दिवस बसायच्या. दिवसभर निरंकार, दिवेलागणीला एकदाच फराळ. तो फराळ म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि ती करण्याचा मान गुरवाच्या घराचा. त्या मानावर देवळामागची खोली होती, वर्षाचं धान्य होतं. सासू विधवा, पुढं सूनही विधवा झाली. दोघींना दुसरा आधार नव्हता.

अठरा वर्षं बायनानं बटाटे चिरले, दाणे भाजले, कूट केलं, चुलीशी घाम गाळला. पण भिजवणीचं पाणी तिनं कधी घातलं नाही. ते सासूचं काम. दगडाबाई साबुदाणा हलक्या हातानं तीनदा धुवायची, पातेल्यात सारखा करायची, तर्जनी दाण्यांवर टेकवायची आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी चढवायची. मग काठावर नखानं दोन टिचक्या मारायची, म्हणजे दाणे खाली बसतात म्हणे. बायनानं एकदा तांब्याला हात लावला तर मनगटावर उलथनं बसलं होतं.

"पानी चुकलं तर देवी बी उपाशी, बाया बी उपाशी," म्हातारी म्हणायची. "माझ्या मागं घाल. मी हाय तवर न्हाई."

दगडाबाई वारली ती लढाईच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात. बायना रडली, आणि खरं सांगायचं तर जराशी मोकळीही झाली. आता तांब्या तिचा होता.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी पाटलांनी, म्हणजे अर्जुनरावांनी, पाटोद्याच्या राधाकिशन शेटकडून साबुदाण्याचं पोतं आणवलं. शेटनं निरोप धाडला होता की सिंगापूरचा माल लढाईपायी बंद झालाय, हा मद्रासकडचा नवा आहे. साबुदाणा तो साबुदाणा, असं म्हणत सगळ्यांनी ते कानाआड केलं.

पहिल्या माळेला बायनानं सकाळच्या पूजेनंतर पाच शेर साबुदाणा भिजत घातला, सासूसारखाच, पेरभर पाण्यात. दुपार कलताना झाकण काढलं तर आत दाणे नव्हते, पांढरा चिखल होता. फेकायचा कसा, देवीचा माल. कढईत तूप, जिरं, मिरची, बटाटे. त्यावर तो चिखल टाकला तर उलथन्याला गोळाच चिकटून वर आला. अर्जुनरावांची आई सुभद्राबाई पहिल्या पंगतीत बसली होती. सत्तरीची बाई. तिनं एक घास घोळवला, गिळता येईना, आणि पत्रावळ पुढं सरकवून ती पाणी पिऊन उठली.

बायनाचा जीव शरमेनं गेला. पण ती हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं तीन वाट्या मांडल्या. एकीत पेरभर पाणी, दुसरीत अर्धं पेर, तिसरीत नुसतं दाणे झाकण्यापुरतं. दुपारच्या आधीच उत्तर मिळालं. पहिल्या वाटीत लगदा, दुसरीत चिकटा. तिसरीत मात्र दाणा न् दाणा वेगळा. चिमटीत धरला तर मऊ चपटा व्हायचा, मध्ये खडा नाही, बोटाला चिकट नाही. हा साबुदाणा मवाळ होता, जुन्यासारखा पाण्याचा हावरा नव्हता. शिवाय अंगाला पीठ फार, म्हणून पाणी नितळ येईस्तोवर धुवावा लागत होता.

"येवढंच व्हय!" ती स्वतःशी हसली. चार पाण्यांनी साबुदाणा धुतला, दाण्यांच्या बरोबरीनं पाणी ठेवलं, झाकण घातलं, दाराला कडी घालून बारवेवर गेली.

भर दुपारी परतली. माळावर चिटपाखरू नव्हतं. बाया देवीपुढं निजल्या होत्या. बायनानं कडी काढली आणि उंबऱ्यातच थांबली. आत मिसरीचा वास येत होता. सासू गेल्यापासून त्या घरात मिसरी भाजली नव्हती.

झाकण जागच्या जागी होतं. तिनं ते उचललं. पाणी दाण्यांच्या वर चढलं होतं. तिनं बोट टेकवून पाहिलं. बरोबर पेरभर.

पाण्याचा हंडा ती पालथा घालून गेली होती, तो आता सुलटा होता.

तिनं वरचं पाणी ओतून टाकलं, पण तोवर दाणे विरघळले होते. त्या दिवशी खिचडीचे पुन्हा गोळे झाले. सुभद्राबाई पुन्हा पाण्यावर राहिली. अर्जुनराव स्वतः देवळाच्या पायरीशी आले. माणूस वाईट नव्हता, पण आईचा चेहरा उतरला होता.

"बायनाबाई, दोन दिस झाले. माय माजी पान्यावर हाय. उद्या जर असंच झालं तर सैपाकाची चावी आमच्या वाड्यातल्या छबुबाईकडं जाईल. मंग खोलीचं बी बगावं लागंल."

"पाटील, माल नवा हाय, म्या त्याचं गणित बसिवलंय."

"मंग बिघडतंय कावून?"

बायना काय सांगणार होती? मेलेली सासू पाणी घालते म्हणून? वेडी म्हणून हाकलली असती.

तिसऱ्या माळेला तिनं साबुदाणा भिजवला, बरोबरीचं पाणी ठेवलं, आतून कडी घातली आणि चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. आत एवढी शांतता की भिजणाऱ्या दाण्यांचा बारीक चुरचुर आवाज ऐकू यावा. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त होता. अठरा वर्षं राबवलं, मेल्यावरही हातातला तांब्या सोडवत नाही!

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मिसरीचा वास सुटला. आधी हलका, मग इतका दाट की घशाशी बसला. हंड्यातलं पाणी आपोआप हललं. पातेल्यावरचं झाकण एक अंगुळ सरकलं, आणि आत पाण्याची बारीक धार पडू लागली. धरणारं कोणी नव्हतं. धार पेरावर येऊन थांबली, जशी नेहमी थांबायची. मग काठावर टिचकी वाजली. एक. दोन.

बायनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंडाशी शिव्या होत्या, त्या ओठांवर येऊन अडकल्या. कारण ते पाणी तिनं नीट पाहिलं. द्वेषानं घातलेलं नव्हतं. किती बेतानं, किती काळजीनं, एकही दाणा न उसळू देता घातलं होतं! म्हातारी उन्हाळ्यात मेली, पोतं भादव्यात आलं. तिला कोण सांगणार होतं की माल बदलला? ती आपली सुनेचं चुकू नये म्हणून रोज दुपारी येत होती आणि सुनेचं वाटोळं करून जात होती.

बायना उठली.  ती पातेल्यापाशी बसली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहून म्हणाली, "आत्याबाई, ह्यो तो साबुदाणा न्हाई."

काही हललं नाही.

"तो बंद झालाय. ह्यो लई मऊ हाय. तुमचं पेरभर पानी ह्याला सोसत न्हाई, लगदा व्हतोय. सुभद्राबाई दोन दिस उपाशी हाय, आत्याबाई. माजी खोली जायला लागली. माज्यावर इस्वास न्हाई तर राहू द्या, सवता चिमटून बगा."

नमुन्याला सकाळीच वेगळ्या वाटीत बरोबरीच्या पाण्यात भिजवलेला एक दाणा तिनं पाटावर ठेवला. 

कितीतरी वेळ तो दाणा तसाच पडून राहिला. मग तो हळूच चपटा झाला. कोणी अंगठा टेकवावा तसा, मधोमध.  आणि मग ते पाच शेराचं जड पातेलं मोरीच्या बाजूनं आपोआप कललं. झाकण आडवं धरल्यासारखं काठाशी टेकलं. वरचं सगळं पाणी निथळून गेलं, एक दाणा सांडला नाही. पातेलं परत सरळ बसलं. मिसरीचा वास विरला.

बायना तिथंच हमसून रडली. पण रडत बसायला वेळ नव्हता. दुपार कलेपर्यंत दाणे मोकळे फुलले. तिनं ते परातीत पसरले, जाडसर कूट आणि सैंधव आधीच चोळून घेतलं, म्हणजे दाणा दाण्याला धरत नाही. कढई चांगली तापू दिली, तुपात जिरं तडतडलं, मिरची, बटाटा शिजला, मग दोन लाकडं मागं ओढून आच मंद केली. सगळा साबुदाणा एकदम टाकला असता तर वाफेनं गचका झाला असता. तिनं तीन घाणे काढले. पाण्याचा हात लावला नाही, झाकण ठेवलं नाही. तळातून हलक्या हातानं परतत राहिली, आणि दाणा काचेसारखा दिसू लागताच कढई उतरवली. आणखी ठेवली असती तर चिवट झाली असती.

सुभद्राबाईनं त्या संध्याकाळी दोनदा मागून घेतली. चावीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौथ्या माळेपासून पाणी कोणी घातलं नाही. पाचव्या, सहाव्याला नाही. खिचडी रोज मोकळी होत होती, बाया नाव घेत होत्या, आणि बायनाला घास गोड लागत नव्हता.

नवव्या माळेला तिनं खोलीत एका लहान भांड्यात मूठभर साबुदाणा घेतला आणि मुद्दाम पाणी जास्त घातलं. चांगलं दोन पेरं. मग दाराची कडी उघडी ठेवून भर दुपारी भिंतीशी बसली, कोणीतरी येऊन मनगटावर उलथनं हाणेल म्हणून. ऊन सरकत दारातून बाहेर गेलं. कोणी आलं नाही. शेवटी तिनं स्वतःच भांडं उचललं आणि जास्तीचं पाणी मोरीत ओतून टाकलं.