चारशे पंधरा नाही, दोनशे चाळीस

चितेगावच्या त्या मोटार रिवाइंडिंगच्या कारखान्यात मी तीन वर्षं होते. डिप्लोमा झालेली मी एकटीच, म्हणून मोजमाप आणि टेस्टिंगची वही माझ्याकडे असायची. विजेच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, नव्याने भरली जायची, मग तारा घट्ट बसाव्यात म्हणून मोटार वार्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजायची. भरण्याचं आणि बुडवण्याचं काम चाचांकडे होतं. साठीच्या पुढचे, उस्मानपुऱ्याहून रोज बसने येणारे. शाळा चौथीपर्यंतच झालेली.

त्या वर्षी ओव्हनचा जुना हीटर गेला. तो बारा किलोवॅटचा होता. नवीन आला तो तीन सारख्या एलिमेंटचा, स्टारमध्ये जोडलेला, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं. मी वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही लाइनवर दहा-दहा अँपिअर. दोन लाइनमध्ये व्होल्टेज चारशे पंधरा. न्यूट्रलच्या वायरवर जवळजवळ शून्य, म्हणजे तिन्ही फेज समतोल. चारशे पंधरा गुणिले दहा गुणिले तीन, असा हिशेब केला आणि वहीत साडेबारा किलोवॅट लिहून सही केली. जुन्याइतकाच आहे, म्हटल्यावर मालकांनी भाजायची वेळ तीच ठेवली, सहा तास.

पंधरा दिवसांत दोन मोटारी परत आल्या. वार्निश आत चिकटच होतं, गुंडाळ्या सैल होऊन तारा एकमेकींना घासल्या होत्या. मालकांनी चाचांना सगळ्यांसमोर विचारलं, "वार्निशात थिनर जास्त टाकता का?"

"नाय. जेवढं सांगितलं तेवढंच."

"मग हे काय आहे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांना बुडवण्याच्या कामावरून काढून जुन्या मोटारींतल्या जळक्या तारा उपटायला बसवलं. ते काम नवख्या माणसाला देतात. मी वही पुन्हा तपासली नाही. माझ्या वहीत सगळं बरोबर होतं.

आठवडाभराने दुपारी चाचा डबा खाऊन ओव्हनपाशी उभे होते. मला म्हणाले, "बाई, हा लाल दिवा सकाळपासून चालू हाय. आधी दोन-अडीच तासांत विझायचा. तापला की हीटर बंद व्हायचा."

आम्ही सगळे घड्याळ बघत होतो, दिव्याकडे कुणी बघितलं नव्हतं. ओव्हनला वेगळा वीज मीटर होता. मी तासभर आकडे धरले. सात युनिट आणि थोडं. साडेबाराचा हीटर तासभर सलग चालला, तर साडेबारा युनिट यायला हवीत. मी म्हटलं, "मीटर खराब असेल."

"मीटर खराब, वार्निश खराब, म्हातारा खराब," चाचा शांतपणे म्हणाले. "एलिमेंटला किती व्होल्ट मिळतंय ते बघितलं का?"

"चारशे पंधरा."

"स्टारमधी? स्टार मोटारीच्या गुंडाळीला चारशे पंधरा कुठं मिळतं? दोनशे चाळीस मिळतं. मी उमर घालवली यात."

मी एका एलिमेंटच्या दोन टोकांना मीटर लावला. दोनशे एकोणचाळीस. मला परीक्षेतलं पान आठवलं, त्यात मी पूर्ण गुण मिळवले होते. स्टारमध्ये लाइनचा करंट तोच फेजचा करंट, पण फेजचं व्होल्टेज म्हणजे लाइनच्या व्होल्टेजला तीनच्या वर्गमुळाने भागायचं. एका एलिमेंटला दोनशे चाळीस गुणिले दहा, चोवीसशे वॅट. तिन्हींचे सात किलोवॅट आणि वर थोडं. हीटरला पॉवर फॅक्टर एक धरायचा, म्हणजे त्यापायी आकडा कमी होत नाही, त्यामुळे तिथे चूक लपवायला जागा नव्हती. लाइनचं व्होल्टेज तीनने गुणून मी एका सहीत पाच किलोवॅट जास्तीचे तयार केले होते.

पहिला विचार आला तो डेल्टाचा. चाचांना म्हणालेही, "डेल्टात जोडू, प्रत्येक एलिमेंट दोन लाइनच्या मध्ये, मग पूर्ण चारशे पंधरा मिळेल."

"मग एलिमेंट तासभरही टिकायचं नाय. दोनशे चाळीसचं हाय ते. तिप्पट ताप व्हईल, जळून जाईल."

हिशेब केला. एकवीस किलोवॅटच्या वर. बरोबर होतं त्यांचं.

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये वही नेली. चुकीच्या आकड्यावर रेघ मारली होती, बाजूला बरोबर आकडा लिहिला होता. "वार्निश ठीक आहे. हीटर कमी पॉवरचा आला, आणि मी चुकीचा पास केला," मी म्हणाले. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, विचारलं, "आता किती वेळ भाजायचं?"

"दिवा विझल्यावर चार तास धरायचे. तोवर मोजायचंच नाही."

त्यांनी मान हलवली. मला रागावले नाहीत, चाचांची माफीही मागितली नाही. सकाळी फक्त फोरमनला सांगितलं की बुडवण्याचं काम पुन्हा चाचांकडे द्या. मला वाटलं, मी काहीतरी बोलायला हवं. वार्निशच्या टाकीपाशी गेले आणि म्हणाले, "चाचा, चूक माझी होती."

"व्हय," ते म्हणाले आणि मोटार लोखंडी आकड्याला अडकवू लागले. मग हात न थांबवता म्हणाले, "त्या सात दिवसांत तारा उपटून बोटं लई दुखली."

मी तिथं उभी राहिले. दुसरी मोटार त्यांनी उचलायला घेतली तेव्हा मी ती दुसऱ्या बाजूने धरली. जड होती.