चौदा वेळा, फक्त आमच्या चार घरांत

माझ्या धाकट्या बहिणीसारखी अंडी उबवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही, आणि मी कमी जग पाहिलेलं नाही. शिकलोय सातवीपर्यंतच, पण खरं-खोटं ओळखायला सातवी पुष्कळ झाली. ती अंडं बल्बसमोर धरते, एकदाच फिरवते आणि सांगते, "हे फुकट आहे, दादा." फोडून बघा, फुकटच असणार, आत पिल्लू नाही.

आधी ती कपडे धुण्याच्या कारखान्यात होती. बारा वर्षं वाफेत काढली, छाती गेली, घरी बसली. मग साठवलेल्यातून अंडी उबवायचं मशीन घेतलं. कपाटाएवढं, आत पंखा, खाली पाण्याचा ट्रे. समोरच्या खोलीत ते आणि मागच्या खोलीत आम्ही. मशीन कुठलं घ्यायचं ते मीच सांगितलं होतं, हे ती कबूल करत नाही.

एकवीस दिवस आत साडेसदतीस अंश ऊब लागते. ती दर दोन तासांनी काटा बघून वहीत लिहायची. लाइट गेला तरी लिहायची, कधी गेला, कधी आला. मी म्हणायचो, "अगं, लाइट आपला नातेवाईक आहे का, त्याचं येणं-जाणं मांडायला?" ती मान वर न करता म्हणायची, "नातेवाईक सांगून तरी येतात."

लाइट जायला लागला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. भर दुपारी जायचा, दोन-तीन तासांनी आपोआप यायचा. फोनवर तक्रार केली की माणूस यायचा, पण तोवर लाइट आलेला असायचा. तो आमच्याकडे बघायचा, आम्ही बल्बकडे. बॅटरी होती, पण ती मशीनला तासभर पुरायची.

पहिली खेप अर्धी गेली. दुसरीत दीडशेतून वीस निघाली. बाकीची अंडी तिने एकेक करून फोडली. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, चोच, नखं, पिसं, सगळं. मी म्हटलं, फेकून दे, कशाला बघतेस? ती म्हणाली, "कितव्या दिवशी गेली ते कळायला हवं ना."

आमच्याकडून पिल्लं नेणारी शेडवाली बाई उभ्यानेच बोलली. "ताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण माझी शेड रिकामी राहते. ही तिसरी खेप बघते, मग मला दुसरीकडे जावं लागेल." तिच्याशिवाय आम्हाला गिऱ्हाईक नव्हतं. पाच तारखेला एकशेऐंशी अंडी आत गेली.

आता पत्राचं. वीज कचेरीला मी तोवर चार पत्रं लिहिली होती. माझं पत्र म्हणजे पत्र असतं, वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. "तुमच्या कुंभकर्णी झोपेपायी अख्खा भाग महिनोन्महिने अंधारात खितपत पडला आहे. जनता पेटून उठली तर जबाबदार कोण?" चौकात वाचून दाखवलं तेव्हा न्हावी वस्तरा थांबवून ऐकत होता.

सतरा तारखेला, खेपेच्या बाराव्या दिवशी, पाचवं पत्र घेऊन कचेरीत गेलो. चष्मेवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पेटून उठणारे तुम्हीच का?"

"मीच," म्हटलं मी, छाती काढून.

त्यांनी आधीची चारही काढली. प्रत्येकावर शेरा होता, तक्रार बंद. माझं डोकं फिरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलंय अख्खा भाग अंधारात. साहेबांनी मोठ्या लाइनीची नोंद काढली. ती एकदाही बंद नव्हती. मग तक्रार खोटी ठरते."

"खोटी? माझी?"

"समोरच्या ओळीत लाइट असतो का, लाइट गेल्यावर?"

असायचा. समोरच्या शिंप्याचं विजेवरचं मशीन खडखड चालू असायचं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. ते मी पत्रात घातलं नव्हतं. चार घरांची गोष्ट घातली तर पत्र लहान दिसतं, असं वाटलं होतं.

घरी आलो. बहिणीला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तोंडावरून तिला कळतंच. तिने वही उघडली आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुझं अक्षर चांगलं आहे. लिही."

"आदरणीय, कर्तव्यशून्य..."

"नको. 'साहेब' पुरे."

असं करत पत्र झालं. ती सांगत होती, मी लिहीत होतो. मध्येच मी 'अक्षम्य' घातलं, ते तिने खोडलं.

"साहेब, मी घरी कोंबडीची अंडी उबवते. सोबत ग्राहक क्रमांक दिला आहे. गेल्या सहा आठवड्यांत आमचा लाइट चौदा वेळा गेला. तारखा आणि वेळा मागच्या पानावर आहेत. प्रत्येक वेळी तो अकरा ते तीनच्या मध्ये गेला. फक्त आमच्या खांबावरच्या चार घरांचा जातो, समोरच्या ओळीत असतो. दोनदा खांबावर तारेच्या जोडाशी ठिणगी दिसली. आधीच्या पत्रांत अख्खा भाग असं लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं. आता मशीनमध्ये एकशेऐंशी अंडी आहेत, सव्वीस तारखेला पिल्लं निघायची आहेत. शेवटच्या दिवसांत ऊब गेली तर ती कवचातच मरतात. कृपा करून तेवीसच्या आत खांबावरचा जोड तपासून दुरुस्त करावा. लाइट आपण बंद करणार असाल तर आदल्या दिवशी कळवावं. माणूस दुपारी यावा, म्हणजे बिघाड दिसेल."

"आधीच्या पत्रांत" हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. ती म्हणाली, "राहू दे हवं तर." मी लिहिलं. माझ्याइतक्या मोठ्या मनाची माणसं थोडी असतात, हेही इथे सांगून ठेवतो.

कचेरीतल्या बाईंनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, मागचं पानही वाचलं. शिक्का मारून नोंद क्रमांक दिला. म्हणाल्या, "हे पहिलंच आलं असतं तर..." लाइनवाला एकच, त्याच्यापुढे कामांची रांग. तरी वर घेते म्हणाल्या.

वीस तारखेला लाइट गेला. बावीसला गेला. आम्ही मशीनवर गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवल्या. तेवीसला अकराला गेला तो चारला आला. बहीण मशीनच्या काचेला कान लावून बसली होती. मी कचेरीत फोन लावत होतो आणि कधी नव्हे ते हळू बोलत होतो.

चोवीसला दुपारी लाइनवाला आला. खांबावर चढला, काळा पडलेला जोड कापला, नवा घट्ट बसवला, उतरला. मी घड्याळ लावून बसलो होतो. दहा मिनिटं.

"नट सैल होता का?" मी विचारलं.

"जोड सैल होता. ऊन वाढलं, लोड वाढला की सुटायचा, थंड झाला की धरायचा. तारखा दिल्या म्हणून सापडलं. नाहीतर आम्ही येतो तेव्हा सगळं ठीक असतं." पाणी पिऊन गेला.

सव्वीसला अकरा पिल्लं निघाली. सत्तावीसपर्यंत वाट पाहिली, आणखी एकही नाही. उरलेली अंडी तिने या वेळी फोडली नाहीत. मीच खड्डा खणला.

शेडवाली आली, अकरा घेतली, खोक्याला भोकं पाडली. जाताना "बघू पुढे" म्हणाली. पुढे बघायला आली नाही.

त्या दिवसापासून लाइट एकदाही गेला नाही. मशीन बंद आहे, वर गोधड्या घडी करून ठेवल्यात. बहीण परत त्याच कपडे धुण्याच्या कारखान्यात जाते, वाफेच्या खात्यात नाही, घड्या घालायच्या खात्यात, तरी येताना खोकते.

परवा तिने मला पुन्हा कागद दिला. लाइनवाल्याने चांगलं काम केलं, असं कचेरीला लिहायचं होतं, तारखेसकट. मी म्हटलं, "तीच दहा मिनिटं आधी दिली असती तर..."

"त्याला आधी कुणी खांब सांगितलाच नव्हता, दादा."

ती कुणाचं नाव घेत नव्हती. मी लिहून दिलं, चार ओळींत. अक्षर माझंच.